घरातला 'एक पेग' नेमका किती असतो? पाण्याने मोजून बघा

माझ्या मामाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याच्या आदल्या आठवड्यात भुलीच्या डॉक्टरांनी त्याला बोलावून सगळं विचारलं, बीपी आहे का, शुगर आहे का, कुठली गोळी चालू आहे, आणि मग विचारलं दारू घेता का, किती घेता. मामा म्हणाला, "रोज संध्याकाळी दोन पेग, त्याच्यावर कधी नाही." मामी शेजारी होती, तिनेही मान हलवली, कारण तिने रोज दोनच वेळा ग्लास भरलेला बघितला होता. दोघंही खोटं बोलत नव्हते. पण डॉक्टर म्हणाल्या, पेग सांगू नका, मिली सांगा, खंबा किती दिवस पुरतो ते सांगा. मामा म्हणाला चार दिवस. खंबा म्हणजे ७५० मिली, भागिले चार, म्हणजे रोजचे जवळपास १८७ मिली. म्हणजे रोज एक आख्खी क्वार्टर आणि वर थोडी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मामाकडे बघितलं.

त्या दिवसानंतर मी घरात बसून हे सगळं नीट मोजून काढलं, आणि जे समजलं ते इथे क्रमाने लिहितोय. ज्यांनी नुकती सुरुवात केलीय, किंवा घरात कोणी घेतं आणि नेमकं किती घेतं ते कळत नाही, त्यांच्यासाठी. लागतं काय, तर एक रिकामी बाटली, नेहमीचा ग्लास आणि पाणी. दारू लागतच नाही.

आधी माप समजून घ्या

'स्टँडर्ड ड्रिंक' हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं एक ग्लास, एक बाटली, एक कॅन. तसं नाहीये. ते ग्लासाचं माप नाही, आतल्या शुद्ध अल्कोहोलचं माप आहे. आपल्याकडे डॉक्टर साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक ड्रिंक धरतात. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून १० ग्रॅम म्हणजे साधारण १२.७ मिली भरतं.

आता आपल्याकडची व्हिस्की, रम, व्होडका, ब्रँडी यांच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. हा विचित्र आकडा जुन्या इंग्रजी 'प्रूफ' मोजणीतून आलाय, त्या मोजणीत ही दारू ७५ प्रूफ होते, म्हणून काही लेबलांवर २५ यूपी असंही दिसतं, म्हणजे पूर्ण प्रूफपेक्षा पंचवीसने कमी. आपल्या कामाचं एवढंच की ४२.८ टक्क्यांच्या ३० मिलीमध्ये जवळजवळ बरोबर १० ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे आपला बारमधला स्मॉल पेग म्हणजेच एक स्टँडर्ड ड्रिंक. लार्ज म्हणजे ६० मिली, म्हणजे दोन. पतियाळा म्हणजे किती ते भरणाऱ्याच्या हातावर आहे, पण चार धरा.

हिशोब करायचा सोपा रस्ता सांगतो, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो:

```
मिली × टक्के ÷ १२७० = किती ड्रिंक
```

स्मॉल पेगचं करून बघा. ३० गुणिले ४२.८ म्हणजे १२८४, भागिले १२७० म्हणजे एक. क्वार्टर, १८० मिली, सहा. खंबा, ७५० मिली, पंचवीस. हे दोन आकडे, क्वार्टरमध्ये सहा आणि खंब्यात पंचवीस, डोक्यात ठेवलेत तरी पुढचं अर्धं काम होतं.

पहिली पायरी: नेहमीसारखा पेग भरा, पण पाण्याचा

रिकामी बाटली घ्या, शक्यतो त्याच ब्रँडची जी घरात येते, कारण बाटलीचं तोंड महत्त्वाचं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांच्या तोंडात प्लॅस्टिकचं बूच बसवलेलं असतं, आत गोटी असते, त्यातून धार बारीक आणि अडखळत येते. काही जण ते बूच चमच्याने उचकटून काढतात आणि मग भसकन ओतलं जातं. तुम्ही घरी जसं ओतता तसंच ओतायचं, बूच काढत असाल तर काढूनच.

बाटलीत नळाचं पाणी भरा. नेहमीचा ग्लास घ्या, नेहमीच्या जागी बसा, आणि बोलता बोलता नेहमीसारखा एक पेग भरा. इथे एक गोष्ट सांभाळायची, मोजणार आहोत म्हटलं की हात आपोआप आखडतो, म्हणून पहिला भरलेला ग्लास धरायचा नाही. चार-पाच वेळा भरा, ओतून द्या, परत भरा, आणि शेवटच्या तिघांची सरासरी घ्या. ज्याचं माप काढायचंय त्यालाच भरू द्या, आणि त्याला आधीपासून आकडा सांगू नका.

मोजायचं कसं? स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर सगळ्यात बरं. रिकामा ग्लास काट्यावर ठेवून शून्य करा, मग भरलेला ठेवा, जितके ग्रॅम तितके मिली, कारण पाण्याचा एक मिली म्हणजे एक ग्रॅम. हे फक्त पाण्यालाच लागू आहे हं, व्हिस्की हलकी असते, ३० मिली व्हिस्कीचं वजन साधारण २८ ग्रॅमच येतं, म्हणून दारू वजनावर मोजायला जाऊ नका. काटा नसेल तर खोकल्याच्या औषधावर येणारं प्लॅस्टिकचं झाकण, त्यावर ५, १०, १५ मिलीच्या खुणा असतात, ते चालतं. किंवा केक करणाऱ्यांकडे असतो तो मोठा मापाचा चमचा, तो १५ मिलीचा असतो, दोन चमचे म्हणजे एक स्मॉल.

मामाला मी हे करायला लावलं तेव्हा तो थोडा चिडला, म्हणाला, "तीस वर्षं भरतोय, मला शिकवतोस?" पण बसला. ग्लास त्याचा नेहमीचा, बुटका, जाड बुडाचा, लग्नात सेट आला होता त्यातला उरलेला. पहिला भरला तो ७० मिली निघाला, तेव्हा तो म्हणाला बघ, लार्जच आहे. मी म्हटलं अजून भरा. टीव्हीवर मॅच चालू होती, तो मॅच बघत भरत गेला आणि पुढचे तीन निघाले ९०, ९५ आणि १००. म्हणजे सरासरी ९५. दोन ग्लास म्हणजे १९०. डॉक्टरांनी खंब्यावरून काढलेला आकडा १८७ होता. दोन वेगळ्या रस्त्यांनी तोच आकडा आला तेव्हा मामा गप्प झाला, मग स्वतःच कॅल्क्युलेटर मागितला. १९० गुणिले ४२.८ भागिले १२७०. सहा पॉइंट चार. तोंडाने दोन, पोटात साडेसहाच्या जवळ.

हात एवढा का सुटतो

याचं पहिलं कारण ग्लासाचा आकार, आणि हे कारण इतकं मोठं आहे की बाकीची त्याच्यापुढे लहान वाटतात. घरात लोक बोटाने मोजतात, एक बोट, दोन बोटं. बोट फक्त उंची मोजतं. रुंदी कोण मोजणार?

जरा हिशोब करू. मामाच्या ग्लासाचा आतला व्यास ८ सेंटिमीटर होता. म्हणजे त्रिज्या ४, तळाचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दारू एक सेंटिमीटर वर चढली की ५० मिली झाली. आडवं बोट साधारण पावणेदोन-दोन सेंटिमीटर जाड असतं. १.८ धरलं तर एक बोट म्हणजे ९० मिली. एक बोट! आता तोच प्रयोग उंच अरुंद ग्लासात करा, ज्याचा आतला व्यास साडेपाच सेंटिमीटर आहे. तिथे एक सेंटिमीटर म्हणजे साधारण २४ मिली, आणि एक बोट म्हणजे ४३ मिली. व्यास दीडपटही नाही वाढला, पण दारू दुपटीच्या वर गेली, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. डोळ्याला हे दिसत नाही. डोळा उंची बघतो आणि बुटक्या ग्लासात थोडीशीच पडलीय असं वाटून हात अजून वाकतो.

जाड बुडाच्या ग्लासाची अजून एक गंमत नाही, अडचणच आहे, की बाहेरून बोट लावलं की काचेचं बूड पण मोजलं जातं किंवा नाही जातं, ज्याच्या त्याच्या सवयीवर. काही जण टेबलापासून बोट लावतात, काही जण दारूच्या तळापासून. स्टीलच्या पेल्यात तर बाहेरून काहीच दिसत नाही, वरून डोकावून अंदाज घ्यायचा, आणि वरून बघताना खोली नेहमी कमी वाटते. आमच्याकडे गावी पेल्यातच ओततात, तिथे मी मोजलं नाही पण मोजायला हवं होतं असं आता वाटतं.

दुसरं कारण बर्फ आणि सोडा. आधी दारू मग बर्फ, की आधी बर्फ मग दारू, याने फरक पडतो. रिकाम्या मोठ्या ग्लासात आधी दारू ओतली की तळाशी पडलेली ती चिमूटभर दिसते, म्हणून अजून थोडी जाते. आणि सोडा, पाणी, थंडा घालून ग्लास भरला की लोकांना वाटतं आता 'हलका' झाला. चवीला हलका झाला, पण आतलं अल्कोहोल तेवढंच राहिलं. ९५ मिलीत लिटरभर पाणी घाला, तरी ते तीनच्या वरच ड्रिंक आहेत.

तिसरं कारण म्हणजे ग्लास संपायच्या आधी वरून टाकणं. "थोडी टाक रे", "बर्फ वितळला, पाणचट लागतंय", आणि अर्ध्या ग्लासात परत धार. इथे मोजणीच मोडते. रात्री विचारलं तर माणूस म्हणेल दोन ग्लास घेतले, कारण ग्लास खरोखर दोनदाच रिकामा झाला, पण मधे तीन वेळा वरून पडली ती कुठल्या खात्यात धरायची? पाहुणचाराच्या वेळी हे सगळ्यात जास्त होतं, यजमानाला पाहुण्याचा ग्लास अर्धा दिसला की चैन पडत नाही, आपल्याकडे ताट रिकामं ठेवायचं नाही हीच सवय ग्लासालाही लागते.

बारमध्ये हे होत नाही कारण तिथे प्रत्येक मिलीचे पैसे असतात, वेटर मापाने मोजून आणतो आणि बिलावर स्मॉल-लार्ज लिहिलेलं असतं. म्हणून बारमध्ये 'तीन लार्ज' घेणाऱ्या माणसाला आपण सहा ड्रिंक घेतल्याचं निदान कळतं. घरी तोच माणूस 'तीन' म्हणतो आणि नऊ घेतो, आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो की घरची दारू जास्त चढते, माल खराब असेल. बहुतेक वेळा माल ठीक असतो, माप खराब असतं.

दुसरी पायरी: बाटलीला विचारा

पाण्याचा प्रयोग एका दिवसाचा. पण हात रोज सारखा चालत नाही, शनिवारी वेगळा, सोमवारी वेगळा. म्हणून बाटलीवर हिशोब ठेवा. नवीन खंबा उघडला की लेबलवर पेनाने तारीख लिहा. संपला की परत तारीख. पंचवीस भागिले दिवस, म्हणजे रोजचे ड्रिंक. दोघं पीत असाल तर भागिले दोन, पण खरंच सारखंच घेता का ते प्रामाणिकपणे बघा, बहुतेक घरात एकाचा वाटा मोठा असतो.

क्वार्टरवाल्यांना अजून सोपं. क्वार्टरमधून किती ग्लास झाले मोजा. सहा झाले तर तुम्ही स्मॉल भरता. तीन झाले तर लार्ज. पार्टीत डिस्पोजेबल ग्लासात दोनच झाले, हे फार कॉमन आहे, तर तुमचा 'एक' ९० मिलीचा आहे आणि तीन ड्रिंकचा आहे. ही चाचणी खोटं बोलत नाही कारण बाटलीत किती होती ते छापलेलंच आहे.

बिअर: इथे ओतण्यात चूक नसते, मोजण्यात असते

बिअरचं उलटं आहे. बाटली ठरलेली असते, जास्त ओतायचा प्रश्नच नाही, तरी हिशोब चुकतो, कारण लोक एक बाटली म्हणजे एक ड्रिंक धरतात आणि माइल्ड-स्ट्राँगमध्ये फरक करत नाहीत. आपल्याकडे ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड, त्याच्या वर ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. लेबलवर बऱ्याचदा नेमका आकडा नसतो, '८ टक्क्यांपेक्षा जास्त नाही' असं लिहिलेलं असतं, तेव्हा हिशोबाला वरचाच आकडा धरा.

३३० मिलीची माइल्ड पाइंट, ५ टक्के: १.३ ड्रिंक. हे ठीक, एकाच्या जवळ आहे. पण ६५० मिलीची स्ट्राँग, ८ टक्के: ६५० गुणिले ८ म्हणजे ५२००, भागिले १२७०, चार पॉइंट एक. एक बाटली स्ट्राँग बिअर म्हणजे चार स्मॉल व्हिस्की. "मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो" म्हणणारा कॉलेजमधला मुलगा दोन स्ट्राँग घेतो तेव्हा तो क्वार्टरच्या पुढे गेलेला असतो, आठ ड्रिंक. हा एक आकडा नवीन मुलांना कोणीतरी वेळेवर सांगायला हवा, मला स्वतःला तो तिशी उलटल्यावर समजला. ५०० मिलीचा स्ट्राँग कॅन असेल तर तीनच्या वर.

वाइन: मोठ्या ग्लासाचा सापळा

वाइन बहुतेक १२-१४ टक्क्यांच्या आसपास असते. १३ धरली तर एक ड्रिंक म्हणजे ९८ मिली, सोपं म्हणून शंभर म्हणा. ७५० ची बाटली म्हणजे साडेसात-पावणेआठ ड्रिंक. हॉटेलात साधारण १५० मिली ओततात, एका बाटलीतून पाच ग्लास निघतात, म्हणजे हॉटेलातला एक ग्लासही दीड ड्रिंकचाच असतो.

घरी ग्लास कुठला असतो ते बघा. नाशिकला वायनरीवर गेलं की लोक मोठे फुगीर ग्लास घेऊन येतात, त्यात काठोकाठ साडेचारशे मिली मावतं. तो मोठा असतो तो वासासाठी, वरचा भाग मोकळा ठेवायचा असतो. पण आपल्याला अर्ध्याहून कमी ग्लास म्हणजे कंजूषपणा वाटतो, म्हणून अर्ध्यापर्यंत तरी भरतो, म्हणजे २२५ मिली. २२५ गुणिले १३ भागिले १२७०, दोन पॉइंट तीन. बायकोने एक ग्लास घेतला, नवऱ्याने दोन, बाटली संपली, आणि दोघं म्हणतात आपण वाइनच घेतली, एक-दोन ग्लास. तिच्या वाट्याला अडीच, त्याच्या वाट्याला पाच.

वाइनच्या ग्लासाला एक साधा उपाय आहे. मापाने १०० मिली पाणी त्यात ओता, पातळी कुठे येते ते बघा, आणि बाहेरून बारीक टेपची पट्टी लावा. फुगीर ग्लासात शंभर मिली इतके खाली दिसतात की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. पोर्टवाइन असेल तर लेबलवरचा टक्का वेगळा बघा, ती साध्या वाइनपेक्षा कडक असू शकते.

बाहेर राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा

अमेरिकेत, इंग्लंडात राहणारे भाऊ-बहीण घरी फोनवर सांगतात की आम्ही आठवड्याला अमुक ड्रिंक घेतो, आणि इकडच्यांशी तुलना होते. ती तुलना सरळ करता येत नाही. अमेरिकेत एक ड्रिंक १४ ग्रॅमचं धरतात, इंग्लंडात एक युनिट ८ ग्रॅमचं, ऑस्ट्रेलियात आपल्यासारखं १०. म्हणजे अमेरिकेतले दहा म्हणजे आपले चौदा. मोबाईलवर पिणं नोंदवायचं अॅप घेतलं असेल तर सेटिंगमध्ये कुठला देश आहे ते बघा, नाहीतर आकडा कमी-जास्त दिसेल. इंग्लंडातलं सिंगलही वेगळं असतं, बऱ्याच पबमध्ये २५ मिली, तिकडून आणलेलं पेगमाप त्यामुळे आपल्या ३०-६० शी जुळत नाही.

तिसरी पायरी: माप हातात ठेवा

स्टीलचं दोन तोंडांचं पेगमाप मिळतं, एका बाजूला ३०, दुसऱ्या बाजूला ६०. आणल्यावर पहिलं काम, त्यात काठोकाठ पाणी भरून काट्यावर तपासा. मी एक ऑनलाइन मागवलं त्याच्यावर ३०-६० कोरलेलं होतं आणि प्रत्यक्षात ४० आणि ७० च्या जवळ मावत होतं, परत केलं. काहींना आतून रेघ असते, तिथे काठ नाही, रेघ धरायची.

मग क्रम असा ठेवा: आधी मापाने दारू, मग बर्फ, मग सोडा, आणि ग्लास पूर्ण संपेपर्यंत वरून काही टाकायचं नाही, बर्फ वितळला तर बर्फ टाका. बाटली टेबलवर ठेवू नका, ओट्यावर किंवा कपाटात ठेवा, उठून जावं लागलं की हात सुटत नाही. आणि ग्लास अरुंद घ्या. मामाचे ते बुटके ग्लास मामीने पाणी प्यायला लावले, व्हिस्कीला नाही.

घरी पाहुण्यांसाठी पंच करणार असाल तर भांड्यावर हिशोब लिहून ठेवा. समजा एक खंबा रम आणि सव्वादोन लिटर ज्यूस, मिळून तीन लिटर. त्यात ड्रिंक पंचवीस. २०० मिलीचे पंधरा ग्लास होतात, म्हणजे प्रत्येक ग्लासात एक पॉइंट सात. गोड लागतं म्हणून पाहुणा तीन ग्लास सहज घेतो, म्हणजे पाच ड्रिंक, आणि मग गाडीची चावी शोधतो. ही गोष्ट यजमानानेच आधी सांगायची असते.

मोजमाप कुठे चालत नाही

लेबल नसलेल्या बाटलीला हा हिशोब लागू होत नाही. गोव्यातून कोणीतरी ओळखीच्या घरून आणलेली उराक किंवा फेणी, गावाकडची मोहाची, त्यात टक्का किती हे चवीवरून कळत नाही, आणि उराक फेणीपेक्षा बरीच सौम्य असली तरी ती लोक ग्लासभर घेतात. टक्का माहीत नसेल तर गुणाकार करायलाच काही नाही.

दुसरं, ड्रिंक मोजले म्हणून गाडी चालवायला मोकळे झालो असं होत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे, ती फार कमी आहे, आणि तेच माप बारीक अंगाच्या माणसाला, उपाशीपोटी घेतलेल्याला जास्त चढतं. शरीर साधारण तासाला एका ड्रिंकच्या आसपास बाहेर काढतं, कॉफीने, लिंबूपाण्याने, अंघोळीने त्याचा वेग वाढत नाही. रात्री बाराला सहा संपवले असतील तर सकाळी सहाला ऑफिसला निघताना सगळं उतरलेलं असेलच असं नाही. ज्या दिवशी घेतली त्या दिवशी गाडी नाही, एवढंच ठेवा. आणि आकडा कमी निघाला म्हणजे ते तब्येतीला चांगलं असंही नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय की सुरक्षित असं प्रमाण नाहीच.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठीच मी हे लिहायला बसलो. मोजल्यावर आकडा मोठा निघाला तर घाबरून उद्यापासून एकदम बंद करू नका. रोज पाच-सहा ड्रिंक वर्षानुवर्षं घेणाऱ्याने अचानक सोडली तर शेवटच्या ग्लासानंतर सहा तासांपासून दिवसभरात हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, झोप न येणं सुरू होऊ शकतं, काहींना झटके येतात, आणि दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो, नसलेल्या गोष्टी बघतो. हे जिवावर बेतू शकतं. ऑपरेशननंतर हॉस्पिटलमध्ये पडलेल्या माणसाला दारू मिळत नाही, तिसऱ्या दिवशी हे सुरू होतं आणि नातेवाइकांना वाटतं भुलीचा परिणाम असेल. म्हणून भुलीचे डॉक्टर तो प्रश्न इतक्या बारकाईने विचारतात. मामाने 'दोन पेग' सांगितले तेव्हा फाइलवर दोन ड्रिंकच लागले असते, आणि तयारीही तेवढ्याचीच झाली असती.

मामाचं ऑपरेशन महिनाभर पुढे गेलं. आधी फिजिशियनकडे पाठवलं, रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या झाल्या, गोळ्या देऊन टप्प्याटप्प्याने बंद केली, पहिले चार दिवस मामी रात्री जागी होती, डॉक्टरांनी काय दिसलं तर लगेच आणायचं ते लिहून दिलं होतं. मग ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं.

डॉक्टरांना सांगताना

'थोडी', 'कधीकधी', 'दोन पेग', 'सोशल' हे शब्द वापरू नका, त्यातून समोरच्याला काही कळत नाही. चार गोष्टी सांगा: काय घेता आणि त्यावर किती टक्के लिहिलंय, एका वेळी किती मिली, आठवड्यातून किती दिवस, आणि शेवटची कधी घेतली. माहीत नसेल तर बाटली किती दिवस पुरते ते सांगा, बाकीचा भागाकार ते करतात. भरती होताना नर्सने मामाला परत तोच प्रश्न विचारला, तेव्हा तो उत्तर द्यायच्या आत मामीच म्हणाली, "व्हिस्की, बेचाळीस पॉइंट आठ टक्के, रोज एकशे नव्वद मिली, शेवटची सव्वीस दिवसांपूर्वी." नर्सने ते तसंच्या तसं लिहून घेतलं.